हाउसिंग घरात करायचं की बाहेरून घ्यायचं? रिकाम्या शिफ्टचा एक पूर्ण हिशेब

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचा कडबा कुट्टी यंत्रं बनवायचा छोटा कारखाना आहे. यंत्राचा शाफ्ट, गिअर ब्लँक, सुऱ्यांची चकती हे घरात होतं, बाकी बरंच बाहेरून येतं. बाहेरून येणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे बेअरिंग हाउसिंग. एका यंत्राला दोन लागतात. हे हाउसिंग घरात करायला घ्यायचं का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आला आणि त्याचा निकाल पुरता लागायला वर्ष उलटलं. आपल्याकडे शिरोलीत, उद्यमनगरात, कागलला एकच शिफ्ट चालणारे आणि दुसऱ्या शिफ्टला मशीन झाकून ठेवणारे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळे आकडे मांडून लिहितोय. दर आमचे आहेत, तुमचे वेगळे असतील. हिशेबाची रीत मात्र हीच लागेल.

सुरुवात झाली ती व्हेंडरच्या पत्राने. तयार हाउसिंगचा दर १ एप्रिलपासून ३९८ वरून ४१५ रुपये, पोहोच. जीएसटी वेगळा, पण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणून पुढे कुठेच जीएसटी धरलेला नाही. महिन्याला साधारण ५०० नग लागतात. पत्र वाचून फोरमन म्हणाले, "साहेब, संध्याकाळी साडेचारनंतर सीएनसी बंदच असतंय की. आपणच का करू नये?"

अकाउंटंटनी दोन दिवसांत कॉस्टिंग शीट काढली. कास्टिंग २८० रुपये (साडेतीन किलो, ८० रुपये किलो). इन्सर्ट, ड्रिल, कूलंट १४. सीएनसीचा आमचा मशीन-अवर रेट ४२० रुपये, एका नगाला १२ मिनिटं, म्हणजे ८४. ड्रिलिंग मशीन २०० रुपये तास, ६ मिनिटं, म्हणजे २०. रिजेक्शन ८. कारखान्याचा वरखर्च ४०. बोरिंगच्या चुऱ्याचे १२ रुपये परत येतात ते वजा. बेरीज ४३४. बाहेर ४१५ ला मिळतंय, घरात ४३४ ला पडतंय, तेव्हा विषय संपला असं शीट सांगत होती.

त्या शीटमध्ये चुकीचा आकडा एकही नव्हता. अडचण अशी, की ती शीट वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होती. ४२० रुपये तासाच्या दरात सीएनसीचा घसारा आहे, बँकेचं व्याज आहे, विमा आहे, शेडचा वाटा आहे. वरखर्चाच्या ४० रुपयांत फोरमनचा पगार, ऑफिस, वॉचमन, ऑडिट फी आहे. गिऱ्हाइकाला यंत्राचा दर सांगताना हे सगळं धरलंच पाहिजे, नाहीतर कारखाना चालणार नाही. पण आपला प्रश्न "हाउसिंग केवढ्याला पडतं" हा नाही. आपला प्रश्न आहे, "हाउसिंग घरात घेतल्यावर महिन्याअखेरीस खिशातून जादा किती जातील आणि व्हेंडरचे किती वाचतील?" जो खर्च दोन्ही वाटांनी तेवढाच राहतो, तो या हिशेबात बसतच नाही. पुस्तकात याला फरकाचा खर्च म्हणतात.

इथे सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते मशीनच्या हप्त्यापाशी. अकाउंटंटनी सरळ विचारलं, "मग सीएनसीचा हप्ता कोण भरणार?" उत्तर असं, की हप्ता आजही भरतोय आणि हाउसिंग केलं काय, न केलं काय, पुढच्या महिन्यातही तेवढाच भरणार आहोत. ५०० नग बाहेरून घेतले म्हणून बँक एक रुपया कमी घेणार नाही. हप्ता खराच आहे, पण या निर्णयाने तो हलत नाही. उद्या हाउसिंगसाठी म्हणून नवीन सीएनसी घ्यायची वेळ आली, तर मात्र त्या नव्या मशीनचा पूर्ण खर्च याच हिशेबात येईल. तोच खर्च एका वेळी धरायचा नसतो आणि दुसऱ्या वेळी धरायचाच असतो. तो निर्णयाने बदलतो का, एवढ्यावर ते ठरतं.

मार्च महिना आम्ही आकडे जमवण्यात घालवला. पहिलं काम, मोकळा वेळ खरंच किती आहे ते बघणं. "दुसरी शिफ्ट रिकामी" हे बोलायला सोपं असतं. आम्ही सीएनसीला वही लावली: कोणता जॉब, किती वाजता चढवला, किती वाजता उतरवला, सेटिंगला किती गेला, वीज गेली तर किती वेळ. दुसऱ्या शिफ्टचे महिन्याचे २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, म्हणजे १९५ तास. सेटिंग, इन्सर्ट बदल, मोजमाप, साफसफाई धरून ८५ टक्के पकडले की १६५ तास उरतात. हाउसिंगला ५०० गुणिले १२ मिनिटं, म्हणजे १०० तास. सीएनसी पुरते.

पण एकटी सीएनसी बघून चालत नाही. हाउसिंगच्या फ्लँजला चार भोकं आहेत आणि रेडियल ड्रिल आमच्याकडे एकच आहे. दिवसा ती भरलेली असते. दिवसपाळीत हाउसिंग घुसवलं असतं तर सीएनसी मोकळी असूनही ड्रिलपुढे ढीग लागला असता आणि आमच्याच यंत्राची फ्रेम अडकली असती. दुसऱ्या शिफ्टला ड्रिलही मोकळी, म्हणून जमलं. शिवाय सीएनसीच्या १२ मिनिटांत साधारण १० मिनिटं मशीन आपलं आपण कापत असतं, तेवढ्यात तोच ऑपरेटर मागच्या नगाची भोकं मारू शकतो. तुमच्याकडे हिशेब करताना भागाची पूर्ण वाट चालून बघा: कास्टिंग कुठे उतरणार, कुठे मोजणार, कुठे रंगवणार. मोकळी क्षमता ही सगळ्यात अडलेल्या जागेवर मोजायची असते.

मग खर्चाची एकेक ओळ घेतली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: हाउसिंग घरात घेतलं तर ही रक्कम बदलते का?

कास्टिंग बदलतं, पूर्ण २८०. चुऱ्याचे १२ वजा. टूलिंग १४, तेही पूर्ण बदलतं. कास्टिंग फौंड्रीतून आणायचं टेम्पोभाडं नगाला ४, कारण व्हेंडरचा दर पोहोच होता आणि फौंड्रीचा नव्हता. रिजेक्शन दोन टक्के धरलं. मशिनिंग झाल्यावर बाद झालेला नग म्हणजे जवळजवळ ३०० रुपये पाण्यात, म्हणून दर टक्क्याला ३ रुपये आणि दोन टक्क्यांना ६.

विजेसाठी महावितरणचं बिल उघडून बसा. स्थिर आकार किंवा मागणी आकार बाजूला ठेवा. दुसऱ्या शिफ्टला दिवसपाळीची मशीनं बंद असल्याने कमाल मागणी वाढत नाही, म्हणजे तो आकार तसाच राहतो. युनिटमागे लागणारं तेवढं घ्यायचं: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क. टीओडी मीटर असेल तर संध्याकाळच्या टप्प्याला युनिटमागे जादा लागतं, तेही बघा. आमचं सगळं मिळून सरासरी ९ रुपयांच्या आसपास आलं. सीएनसी सरासरी ६ किलोवॅट ओढते, १२ मिनिटांना १.२ युनिट. ड्रिल आणि थोडं इकडचं तिकडचं मिळून नगाला १४ रुपये धरले.

व्याजाची ओळ बहुतेक जण विसरतात. व्हेंडर ४५ दिवसांनी पैसे घ्यायचा. आता फौंड्रीला पंधरा दिवसांत द्यायचे आणि महिनाभराचं कास्टिंग अंगणात पडून राहणार, म्हणजे दीड लाखाच्या आसपास पैसे अडकणार. कॅश क्रेडिटच्या व्याजाने नगाला ३ रुपये. (व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे जाता येत नाही आणि करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी वजा मिळतो. त्यामुळे "व्हेंडर तीन महिने थांबतो" असा फायदा आता हिशेबात धरू नका.)

या सगळ्याची बेरीज ३०९ रुपये. हा नगासोबत वाढणारा आणि नगासोबत कमी होणारा खर्च.

आता उरला पगार, आणि खरा खल याच्यावर झाला. दिवसपाळीतला एखादा माणूस रिकामा बसून पगार घेत असता, तर त्याचा पगार फरकात शून्य धरला असता. तसा कोणी नव्हता. ओव्हरटाइमला दुप्पट दर, तोही रोज नाही चालत. म्हणजे दुसऱ्या शिफ्टसाठी एक ऑपरेटर नवीन घ्यायला लागणार: १६,८०० पगार, त्यावर पीएफ, ईएसआय, बोनस धरून २१,०००. दिवे, कॉम्प्रेसर, जादा तेल-ग्रीस, मशीनची वाढीव देखभाल मिळून महिन्याला २,५००. वॉचमन आधीपासून आहे, त्याचं काही वाढत नाही. असे महिन्याचे २३,५०० रुपये. हे नगाला भागून ४७ रुपये असं लिहायचा मोह होतो, पण तसं लिहू नका. ५०० नग केले तरी २३,५०० आणि २०० केले तरी २३,५००. हा खर्च पायरीने चढतो, नगाने चढत नाही. तो वेगळ्या ओळीत ठेवला की पुढचं सगळं स्वच्छ दिसतं.

व्हेंडरचा दर ४१५, आपला नगासोबतचा खर्च ३०९. प्रत्येक नगामागे १०६ रुपये वाचतात. महिन्याचे २३,५०० भरून निघायला २२२ नग लागतात. ५०० नगांच्या महिन्यात ५३,००० वजा २३,५००, म्हणजे २९,५०० शिल्लक. ज्या शीटवर नगाला १९ रुपये तोटा दिसत होता, त्याच कामात महिन्याला साडेएकोणतीस हजार वाचतात, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

खुशीत येऊन इथे थांबलो असतो तर अर्धाच हिशेब झाला असता. आमची विक्री वर्षभर सारखी नसते. वर्षात चार महिने मागणी निम्म्यावर येते आणि हाउसिंग २५० च लागतात. त्या महिन्यांत शिल्लक फक्त ३,०००. आठ महिने २९,५०० आणि चार महिने ३,००० मिळून वर्षाचे २,४८,०००. बारा गुणिले २९,५०० करून साडेतीन लाख लिहिले असते तर एक लाख हवेतले झाले असते. तुमचा माल हंगामी असेल तर महिनेवार मांडा, सरासरीवर जाऊ नका.

एप्रिलमध्ये सुरुवातीच्या खर्चाचे दर मागवले. पॅटर्न व्हेंडरच्या मालकीचा निघाला. हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. पॅटर्न आपला असेल तर तो चलनावर परत मागवता येतो. त्याचा असेल तर नवीन करावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमची मॅचप्लेट आणि कोअर बॉक्स ५८,०००, ड्रिल जिग १४,०००, सॉफ्ट जॉ आणि प्लग गेज ९,०००, तीन-बिंदू बोअर मायक्रोमीटर २४,०००. एकूण १,०५,०००. पहिल्या वर्षाच्या २,४८,००० मधून हे गेले की १,४३,००० उरतात.

त्याच सुमारास व्हेंडरला भेटून सरळ सांगितलं की आम्ही विचार करतोय. मनावर दडपण होतं, कारण वर्षानुवर्षांचा संबंध आणि माणूस वेळेला धावणारा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एक तिसरी वाट काढली: "कास्टिंग तुम्ही द्या, नुसतं मशिनिंग मी ११० ला करतो. चुरा माझा, रिजेक्शन माझं, न्यायचं-आणायचं माझ्याकडं." म्हणजे २८० अधिक ४ अधिक ३ अधिक ११०, एकूण ३९७. तयार माल घेण्यापेक्षा नगाला १८ रुपये स्वस्त.

या प्रस्तावाने तुलनाच बदलली. घरात करण्याची बरोबरी आता ४१५ शी करून उपयोग नव्हता. हातात असलेल्या सगळ्यात चांगल्या पर्यायाशी, म्हणजे ३९७ शी करायला हवी होती. नगामागे वाचणार ८८. पगार भरून निघायला २६७ नग. मंद महिन्यांत २५० च लागतात, म्हणजे त्या चार महिन्यांत घरात करणं किंचित तोट्याचं. वर्षाचा हिशेब मात्र ५,००० नग गुणिले ८८, वजा २,८२,०००, म्हणजे १,५८,०००. आणि पॅटर्नचे ५८,००० आता दोन्ही वाटांना सारखेच लागणार होते, तेव्हा ते तुलनेतून गळाले. राहिले ४७,०००. पहिल्या वर्षी १,११,००० घरात करण्याच्या बाजूने. मंद महिन्यांपुरतं जॉबवर्कला द्यायचं म्हटलं तर ऑपरेटरला चार महिने घरी बसवायला लागलं असतं. तसा माणूस पुन्हा मिळत नाही आणि तसं करावं असंही वाटत नाही, म्हणून त्याचा पगार बाराही महिने धरला.

जॉबवर्कची वाट धरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: कास्टिंग डिलिव्हरी चलनावर पाठवायचं, वर्षाच्या आत परत यायला हवं, आणि आयटीसी-०४ भरायचा. वर्षात परत न आलेलं कास्टिंग पाठवलं त्या दिवशीच विकलं असं धरून कर लागतो.

शेवटचा प्रश्न राहिला तो मोकळ्या तासांच्या दुसऱ्या उपयोगाचा. दुसऱ्या शिफ्टला बाहेरचं टर्निंग घेतलं तर? मोकळी क्षमता फुकट आहे असं आपण धरतो, पण तिच्यावर दुसरं गिऱ्हाईक असेल तर ती फुकट राहत नाही. सोडून दिलेली कमाई हाही हाउसिंगचाच खर्च होतो. तुलना नगावर करू नका, अडलेल्या मशीनच्या तासावर करा. सीएनसीवर तासाला पाच हाउसिंग, नगाला १०६, म्हणजे तासाला ५३०. (इथे ४१५ शी तुलना केली आहे. जॉबवर्कच्या ३९७ शी केली तर ४४०.) ऑपरेटर दोन्हीकडे तोच, म्हणून त्याचा पगार यात नाही. बाहेरचं टर्निंग तेव्हा ३८० रुपये तासाने मिळत होतं. त्यातून वीज आणि टूलिंगचे ९५ गेले की हातात २८५. हाउसिंग स्पष्टपणे वरचढ होतं. उलट झालं असतं, तर मशीन मोकळं असूनही हाउसिंग बाहेरूनच घेणं शहाणपणाचं ठरलं असतं.

मे महिन्यात पॅटर्नची ऑर्डर दिली. पॅटर्न शॉपला कामं भरलेली होती, मग फौंड्रीचे नमुने, त्यांची तपासणी, करता करता पहिली खरी बॅच जुलैत आली. मधल्या काळात व्हेंडरकडून दोन महिन्यांचा माल भरून ठेवला होता. हे जरूर करा. जुना पुरवठा बंद आणि नवा सुरू नाही, अशा फटीत यंत्रांची डिलिव्हरी अडकली तर वर्षाची बचत एका महिन्यात जाते.

पहिल्या शंभर नगांत नऊ बाद झाले. त्यातले तीन ब्लो-होलचे. ते फौंड्रीने बदलून दिले, पण मशिनिंगचा वेळ आणि इन्सर्ट गेले ते आपले. कास्टिंगच्या ऑर्डरवर याची अट आधी लिहून घ्यावी. उरलेले सहा मात्र शिकण्यासारखे होते. हाउसिंगमध्ये ६२०६ बेअरिंग बसतं, बोअर ६२ मिलिमीटर, एच ७, म्हणजे शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. बोअर गेजवर सगळे नग बरोबर दाखवत होते. असेंब्लीत मात्र काहींत बेअरिंग घट्ट बसायचं, शाफ्ट हाताने फिरवला की अडखळायचा आणि चालवून बघितलं की गरम व्हायचं.

कारण चकमध्ये होतं. तीन जॉंनी पातळ भिंतीचं हाउसिंग जोरात धरलं की ते तीन ठिकाणी आत दबतं. दबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो आणि चक सोडला की भिंत मागे येते, बोअर तिपेडी होतो. साधं बोअर गेज समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजतं, आणि तिपेडी भोकात एका बाजूला फुगवटा असला की समोर दबलेली जागा येते. त्यामुळे कुठेही फिरवा, माप जवळजवळ तेच दिसतं. तीन-बिंदू मायक्रोमीटर घेऊन तो थोडा थोडा फिरवत मोजलं की फरक लगेच उघडा पडतो. त्या सहा नगांत ३५ ते ४० मायक्रॉन निघाले. उपाय दोन केले: सॉफ्ट जॉ हाउसिंगच्या बाहेरच्या मापाला बोअर करून घेतले, जेणेकरून पकड जास्तीत जास्त घेरावर पसरेल. आणि फिनिश कटच्या आधी चकचं प्रेशर कमी केलं. प्रेशर कमी करायला मशीन थांबवावं लागतं, म्हणून सायकल १२ वरून १३ मिनिटांवर गेली. हे एक मिनिटही हिशेबात आलं पाहिजे.

इन्सर्टही अंदाजापेक्षा जास्त जात होते. फ्लँजच्या पातळ कडेला कास्टिंग कडक लागायचं, इन्सर्टची धार तुटायची आणि त्या जागी कापलेला भाग पांढरट, चमकदार दिसायचा. पातळ कडा लवकर थंड झाली की तिथे चिल्ड, पांढरं लोखंड तयार होतं. त्याला आपण फीड-स्पीड बदलून काही होत नाही, फौंड्रीशीच बोलावं लागतं. त्यांनी इनॉक्युलेशन सुधारलं आणि आमच्या ड्रॉइंगवर कडेची जाडी थोडी वाढवून घेतली. त्यानंतर बरंच आटोक्यात आलं, तरी टूलिंग १४ वरून १९ वर स्थिरावलं.

ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्षाचे आकडे घेऊन तीच शीट पुन्हा भरली. रिजेक्शन तीन टक्के, टूलिंग १९, विजेत रुपयाची वाढ. नगासोबतचा खर्च ३०९ ऐवजी ३१८. व्हेंडरच्या तयार मालापुढे वाचतात ९७, जॉबवर्कच्या ३९७ पुढे ७९. जॉबवर्कशी बरोबरी साधायला आता महिन्याला २९८ नग लागतात. वर्षाची बचत, जॉबवर्कच्या तुलनेत, १,५८,००० ऐवजी १,१३,०००. ४७,००० भरून निघतात आणि वर बऱ्यापैकी उरतं, पण कागदावर जेवढं दिसलं होतं तेवढं नाही. रिजेक्शन आणखी साडेचार-पाच टक्क्यांनी चढलं असतं तर वर्षभरात सुरुवातीचा खर्चही निघाला नसता. म्हणून आता रोजच्या रिजेक्शनचा आकडा शिफ्टच्या वहीत पहिल्या ओळीत लिहिला जातो.

शीटच्या खाली आम्ही तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, ज्यातली एकही घडली तरी हिशेब पहिल्यापासून करायचा: सलग तीन महिने गरज ३०० नगांच्या खाली गेली तर, व्हेंडरचा मशिनिंगचा दर १०० च्या खाली आला तर, किंवा आमच्याच शाफ्टला दुसरी शिफ्ट लागायला लागली तर. तिसरी सगळ्यात मोठी. स्वतःच्या मालाला सीएनसी लागली की मोकळी क्षमता संपली आणि हा सगळा निर्णय जिच्यावर उभा आहे ती जमीनच सरकली.

जानेवारी २०२५ मध्ये बाहेरच्या टर्निंगची विचारणा आली, दर तोच ३८० रुपये तास, काम महिन्याला दीडशे तासांचं. हाउसिंग आता तासाला ४.६ नग, जॉबवर्कच्या तुलनेत नगाला ७९, म्हणजे तासाला ३६५ देतं. टर्निंग २८५. ५०० नगांना १०८ तास जातात, १६५ पैकी पन्नासेक उरतात. दीडशे तासांना नाही म्हटलं आणि चाळीस घेतले. ऑपरेटर तोच, पगार तोच, त्यामुळे त्या चाळीस तासांचे महिन्याला ११,४०० सरळ वर पडतात.